शेअर केलेली चॅट-फाइल पुसताना क्रम चुकतो तो कुठे : फोन, ईमेल आणि क्लाउडमधील प्रती काढण्याची पद्धत

व्हॉट्सअ‍ॅपवरील संभाषण ‘एक्स्पोर्ट’ करून कोणाला तरी एकदा पाठवले जाते, काम होते, आणि मग बहुतेक जण फोनच्या डाउनलोड फोल्डरमधील फाइल पुसून मोकळे होतात. प्रत्यक्षात त्या वेळेपर्यंत त्याच संभाषणाच्या पाच-सहा प्रती वेगवेगळ्या ठिकाणी तयार झालेल्या असतात आणि डाउनलोडमधील प्रत ही त्यांतील सर्वांत कमी धोक्याची असते. दुसरी चूक क्रमाची आहे. काही जण सुरुवातीलाच पाठवलेला ईमेल पुसतात. त्यामुळे फाइल कोणाला, कोणत्या पत्त्यावर आणि कोणत्या स्वरूपात गेली याची एकमेव नोंदच नाहीशी होते आणि उरलेल्या प्रती शोधायला काही धागा राहत नाही. या लेखातील सर्व टप्पे त्यामुळे एका नियमावर उभे आहेत : आधी प्रवेश बंद करायचा, मग प्रती पुसायच्या, आणि नोंद देणारा ईमेल सर्वांत शेवटी पुसायचा.

लेखात अँड्रॉइड फोन, जीमेल आणि गूगल ड्राइव्ह हीच जोडी धरली आहे, कारण आपल्याकडे बहुतांश लोकांच्या फाइली याच वाटेने जातात. आयफोनमध्ये जेथे फरक पडतो तेथे तो सांगितला आहे.

## समोर ठेवण्यासाठी एक उदाहरण

समजा, कोल्हापुरात ताराबाई पार्कातील एका अपार्टमेंटच्या सचिव असलेल्या वहिनींना गच्चीच्या वॉटरप्रूफिंगच्या खर्चाबाबत लेखापरीक्षकांना रहिवाशांच्या गटातील चर्चा दाखवायची आहे. त्यांनी गटाचे संभाषण मीडियासह एक्स्पोर्ट केले. सुमारे 40 एमबीची झिप फाइल तयार झाली. जीमेलमध्ये जोडपत्रांची मर्यादा 25 एमबी असल्यामुळे ती मेलला थेट जोडता येईना, म्हणून त्यांनी ती ड्राइव्हवर चढवली. मध्येच नेटवर्क गेले असे वाटून त्यांनी तीच फाइल पुन्हा चढवली. मग मेलमध्ये ड्राइव्हची लिंक घालून ती शाहूपुरीतील लेखापरीक्षकांना आणि माहितीसाठी खजिनदार काकांना पाठवली. लेखापरीक्षकांनी वेगळ्या जीमेल खात्यातून लिंक उघडल्यामुळे त्यांना परवानगी मागणारे पान दिसले. तेव्हा वहिनींनी लिंक ‘ज्याच्याकडे असेल त्याला’ उघडेल अशी केली. पाठवण्यापूर्वी खात्री करावी म्हणून त्यांनी झिप फोनवर उतरवून उलगडूनही पाहिली होती. शेवटी छापील प्रत हवी असे कळल्यावर मीडियाविना दुसरी फाइल एक्स्पोर्ट केली, ती राजारामपुरीतील एका झेरॉक्सच्या दुकानाच्या व्हॉट्सअ‍ॅप क्रमांकावर पाठवली आणि पाने किती होतील हे पाहण्यासाठी घरच्या लॅपटॉपवर ड्राइव्हमधून गूगल डॉक्समध्ये उघडली.

यातील एकही कृती वावगी नाही. परंतु आता त्या संभाषणाच्या प्रती ड्राइव्हमध्ये आहेत, डॉक्समध्ये आहेत, फोनवर उलगडलेल्या फोल्डरमध्ये आहेत, झेरॉक्सवाल्यांच्या संगणकावर आहेत आणि दोन व्यक्तींच्या मेलमध्ये एक उघडी लिंक आहे. त्या मजकुरात अपार्टमेंटमधील सर्वांची नावे किंवा क्रमांक, कोणी कधी परगावी जाणार आहे याच्या सूचना आणि कोणीतरी भाडेकराराच्या वेळी टाकलेला आधार कार्डाचा फोटोही आहे. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये असताना संदेशांना एंड-टू-एंड एन्क्रिप्शनचे संरक्षण असते. एक्स्पोर्ट केलेली फाइल मात्र साधा मजकूर असते आणि ज्याच्या हाती पडेल त्याला ती कोणत्याही पासवर्डविना वाचता येते.

## टप्पा 1 : पुसण्यास आपण मोकळे आहोत का, ते पाहणे

पहिली गोष्ट म्हणजे ज्यांना फाइल पाठवली त्यांनी ती केवळ मिळाल्याचे नव्हे, तर उघडून पाहिल्याचे आणि त्यांचे काम झाल्याचे सांगितले पाहिजे. ‘मिळाली’ असे उत्तर अनेकदा नुसती मेल आल्यावरच दिले जाते. लिंक त्यांनी उघडलेलीच नसेल, तर तुम्ही ड्राइव्हमधील फाइल पुसल्यावर ते पुन्हा फाइल मागतील आणि सारा प्रवास पहिल्यापासून सुरू होईल.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. संभाषण एखाद्या तक्रारीत, पोलिसांकडील चौकशीत किंवा न्यायालयातील वादात पुरावा म्हणून लागणार असेल, तर वकिलांना विचारल्याशिवाय काहीही पुसू नये. पुरावा म्हणून सादर होऊ नये या हेतूने इलेक्ट्रॉनिक नोंद नष्ट करणे हा गुन्हा आहे. शिवाय 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 नुसार इलेक्ट्रॉनिक नोंद सादर करताना प्रमाणपत्र द्यावे लागते आणि त्यात फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे फाइलमधील माहितीवरून गणिताने काढलेला आणि एक अक्षर बदलले तरी बदलणारा ओळख-क्रमांक, हेही नोंदवलेले असते. वकिलांना दिलेली फाइल आणि प्रमाणपत्रातील फाइल एकच असायला हवी. तुम्ही ती पुसून नव्याने एक्स्पोर्ट केलीत, तर मजकूर वरवर तसाच दिसला तरी मूल्य जुळण्याची शाश्वती नसते.

तपासणी : व्हॉट्सअ‍ॅपमधील मूळ संभाषण अजून जागेवर आहे ना, हे उघडून पाहावे. एक्स्पोर्ट केलेली फाइल ही प्रत आहे. ती पुसल्याने मूळ संभाषणाला धक्का लागत नाही. उलट बाजूही तितकीच खरी आहे : व्हॉट्सअ‍ॅपमधील संभाषण पुसल्याने एक्स्पोर्ट केलेली फाइल कोठूनही जात नाही. ही दुसरी बाजू ठाऊक नसल्यामुळे काही जण मूळ संभाषण गमावून बसतात आणि प्रती मात्र जशाच्या तशा राहतात.

## टप्पा 2 : प्रतींची यादी कागदावर करणे

या टप्प्यात काहीही पुसायचे नाही. एक कागद घ्यावा आणि फाइल जिथे जिथे सापडेल ते ठिकाण लिहून काढावे.

सुरुवात जीमेलपासून करावी. जीमेलचा नेहमीचा शोध ट्रॅश आणि स्पॅम वगळून चालतो, म्हणून `in:anywhere` हा शब्द आवर्जून वापरावा. पहिला शोध थेट जोडलेल्या फाइलींसाठी आणि दुसरा ड्राइव्हच्या लिंक असलेल्या मेलसाठी आहे :

```
in:anywhere filename:"WhatsApp Chat"
in:anywhere has:drive "WhatsApp Chat"
```

दोन्ही ओळी स्वतंत्रपणे शोधायच्या आहेत. फाइलचे नाव साधारणपणे याच शब्दांनी सुरू होते, परंतु फोनची भाषा मराठी असेल किंवा पाठवताना नाव बदलले असेल, तर हे शोध रिकामे येतील. अशा वेळी नावाऐवजी प्रकारावरून शोधावे :

```
in:sent filename:zip
in:sent filename:txt
```

ड्राफ्टचा फोल्डर वेगळा उघडून पाहावा. शेअर करताना जीमेल निवडून मग विचार बदलला, तर फाइल जोडलेला अर्धवट मसुदा तेथे पडून राहू शकतो आणि तो ‘पाठवलेला’ नसल्यामुळे कोणाच्या लक्षात राहत नाही.

त्यानंतर ड्राइव्हमध्ये त्याच नावाने शोधावे. येथे तीन गोष्टी हटकून सुटतात. फोनमध्ये दोन गूगल खाती असतील, तर एक्स्पोर्ट करताना फाइल कोणत्या खात्यात गेली हे गृहीत धरू नये. उजव्या कोपऱ्यातील चित्रावर टॅप करून प्रत्येक खात्यात शोध घ्यावा. ड्राइव्ह एकाच नावाच्या दोन फाइली शेजारी शेजारी ठेवू शकते, म्हणून एक सापडल्यावर थांबू नये; वहिनींच्या दोन झिप फाइली अशाच होत्या. तिसरी गोष्ट सर्वांत फसवी आहे. संगणकावर ड्राइव्हमधील टेक्स्ट फाइल गूगल डॉक्समध्ये उघडली, की तिचा संपूर्ण मजकूर असलेला एक नवा डॉक्स दस्तऐवज तयार होतो. मूळ टेक्स्ट फाइल पुसली तरी तो दस्तऐवज तसाच राहतो. त्याचे नाव तेच असते, फक्त निळे चिन्ह वेगळे दिसते.

फोनवर डाउनलोड फोल्डर, झिप उलगडल्यामुळे तयार झालेला फोल्डर आणि व्हॉट्सअ‍ॅपचा स्वतःचा दस्तऐवजांचा फोल्डर पाहायचा असतो. येथे एक बारकावा समजून घ्यावा. अँड्रॉइडवर एक्स्पोर्ट करून फाइल थेट जीमेल किंवा ड्राइव्हला दिली, तर फोनच्या डाउनलोडमध्ये सहसा काही उमटत नाही. तेथे फाइल असेल, तर ती नंतर कोणीतरी उतरवलेली किंवा मुद्दाम जतन केलेली असते. म्हणजे डाउनलोड रिकामे दिसणे हा प्रती नसल्याचा पुरावा नव्हे.

शेवटी माणसे लिहावीत : लेखापरीक्षक, खजिनदार काका, झेरॉक्सचे दुकान. कोणाला फाइल मिळाली आणि कोणाला फक्त लिंक, हे प्रत्येक नावापुढे नोंदवावे, कारण पुढील दोन टप्पे या फरकावर अवलंबून आहेत.

## टप्पा 3 : ड्राइव्हचा प्रवेश बंद करणे

फाइल ट्रॅशमध्ये टाकली की लिंक आपोआप मरते, असा सर्वत्र समज आहे. तो चुकीचा आहे. तुमच्या मालकीची शेअर केलेली फाइल तुम्ही ट्रॅशमध्ये टाकली, तरी ती कायमची पुसली जाईपर्यंत ज्यांना प्रवेश दिला आहे ते ती पाहू शकतात. ट्रॅशमध्ये फाइल 30 दिवस राहते, म्हणजे निष्काळजीपणे पुसलेली फाइल आणखी महिनाभर उघडी राहू शकते. म्हणून पुसण्याआधी प्रवेश काढावा.

1. ड्राइव्हमध्ये फाइलशेजारील तीन टिंबांवर टॅप करून `Share` किंवा `Manage access` उघडावे.
2. सर्वसाधारण प्रवेशाखाली `Anyone with the link` असे दिसत असेल, तर ते बदलून `Restricted` करावे.
3. त्यानंतर वर दिसणाऱ्या प्रत्येक व्यक्तीच्या नावावर जाऊन प्रवेश काढून टाकावा. फक्त दुसरी पायरी केली, तर ज्यांना नावाने परवानगी दिली आहे त्यांचा प्रवेश चालूच राहतो.
4. हीच कृती दुसऱ्या झिपसाठी आणि डॉक्सच्या प्रतीसाठीही करावी.

फाइल एखाद्या शेअर केलेल्या फोल्डरमध्ये ठेवलेली असेल, तर तिचा प्रवेश फोल्डरकडून आलेला असतो आणि फाइलवरून तो काढताना अडचण येते. अशा वेळी फाइल आधी ‘माय ड्राइव्ह’मध्ये हलवावी आणि मग परवानग्या पुन्हा पाहाव्यात.

तपासणी : पाठवलेल्या मेलमधील लिंक कॉपी करून ब्राउझरच्या इन्कॉग्निटो खिडकीत उघडावी. साइन-इन किंवा परवानगी मागणारे पान आले, तर दार बंद झाले आहे. फाइल उघडली, तर पुढे जाऊ नये. ही तपासणी स्वतःच्या खात्यातून करण्यात अर्थ नाही, कारण मालकाला फाइल दिसणारच.

## टप्पा 4 : दुसऱ्यांकडील प्रती

प्रवेश बंद केल्याने भविष्यातील वाचन थांबते. कोणी आधीच फाइल उतरवली असेल किंवा स्वतःच्या ड्राइव्हमध्ये तिची प्रत केली असेल, तर ती त्यांच्या मालकीची असते आणि तुमच्या कोणत्याही बटणाने ती पुसली जात नाही. मेलला थेट जोडलेल्या फाइलचेही तेच आहे. तुम्ही ‘सेंट’मधील मेल पुसली, तर फक्त तुमची प्रत जाते. पाठवलेली मेल परत घेण्याची जीमेलची सोय पाठवल्यानंतर जास्तीत जास्त 30 सेकंदांपुरती असते. म्हणून या टप्प्यात विनंती हाच मार्ग आहे आणि ती नेमकी असावी. ‘ती फाइल काढून टाका’ एवढेच म्हटले, तर समोरची व्यक्ती मेल पुसते आणि डाउनलोड विसरते. वहिनींनी लेखापरीक्षकांना असे लिहावे :

> नमस्कार साहेब, वॉटरप्रूफिंगच्या खर्चासाठी पाठवलेल्या गटसंभाषणाचे काम पूर्ण झाल्याचे आपण कळवले, आभारी आहे. त्या फाइलमध्ये सर्व रहिवाशांची खासगी माहिती आहे. आपल्या नोंदीसाठी तिची आवश्यकता नसल्यास कृपया संगणकावरील डाउनलोड फोल्डर, रिसायकल बिन आणि आपल्या ड्राइव्हमध्ये प्रत केली असल्यास ती काढून टाकावी. एखादा भाग कागदपत्रांत ठेवणे आवश्यक असेल, तर कोणती पाने ठेवत आहात ते कळवावे, म्हणजे मी रहिवाशांना तसे सांगू शकेन.

शेवटचे वाक्य महत्त्वाचे आहे. लेखापरीक्षक, वकील किंवा एखादे कार्यालय यांना कामाची कागदपत्रे ठराविक काळ जपावी लागतात आणि त्यांना सर्व पुसण्याचा आग्रह करणे योग्य नाही. त्यांच्याकडे काय राहिले हे आपल्याला माहीत असणे, एवढी अपेक्षा रास्त आहे. खजिनदार काकांना मात्र फोन करूनच सांगावे आणि त्यांनी ती फाइल समितीच्या गटात पुढे पाठवली आहे का, हे स्पष्ट विचारावे. माहितीसाठी म्हणून प्रत दिलेली माणसेच फाइल पुढे पाठवतात, असा अनुभव आहे.

झेरॉक्सच्या दुकानात काम वेगळे असते, कारण तेथे फाइल कोणाच्याही मनात नसताना साठून राहते. दुकानाच्या संगणकावर व्हॉट्सअ‍ॅप वेब चालू असते, छपाईसाठी फाइल डाउनलोड होते आणि पुढच्या गिऱ्हाइकाची फाइल तिच्यावर येते. दुकानात प्रत्यक्ष जाऊन, ‘दादा, माझी फाइल डाउनलोडमधून काढाल का?’ असे सांगून समोर पुसून घ्यावी. विंडोज संगणकावर फाइल निवडून `Shift+Delete` दाबल्यास ती रिसायकल बिनमध्ये न जाता निघून जाते. हे झाल्यानंतर आपल्या फोनवरून त्या संदेशावर ‘सर्वांसाठी पुसा’ हा पर्याय वापरावा. हा पर्याय संदेश पाठवल्यापासून दोन दिवसांहून थोड्या अधिक काळापर्यंतच चालतो, आणि त्याने संगणकावर उतरवलेली प्रत पुसली जात नाही. म्हणून संगणक आधी, संदेश नंतर. मुदत टळली असेल, तर दुकानदारांनाच त्यांच्या फोनवरील तो संदेश फाइलसह पुसण्यास सांगावे.

सावधान : ‘सर्वांसाठी पुसा’ ऐवजी चुकून ‘माझ्यासाठी पुसा’ दाबले गेले, तर तुमच्याकडील संदेश जातो आणि दुकानदारांकडील राहतो. लगेच खाली काही क्षण दिसणारे ‘अन्डू’ दाबल्यास चूक सुधारता येते. ती पट्टी गेल्यावर येत नाही.

## टप्पा 5 : ड्राइव्हमधील फाइली कायमच्या काढणे

आता यादीतील प्रत्येक फाइल ट्रॅशमध्ये टाकावी आणि मग ट्रॅश उघडून तेथून `Delete forever` करावी. काही फोनांत ट्रॅशला ‘बिन’ म्हटलेले दिसते. गोष्ट एकच आहे. ट्रॅश सरसकट रिकामा करण्याचे बटण वापरू नये, असे मी आग्रहाने सांगेन. त्यात इतर कोणती फाइल परत हवी असेल हे घाईत लक्षात येत नाही, आणि कायमची पुसलेली फाइल नेहमीच्या वापरकर्त्याला स्वतःहून परत मिळवता येत नाही. यादीत जेवढी नावे आहेत तेवढीच निवडावीत. वहिनींच्या बाबतीत दोन झिप, एक टेक्स्ट आणि एक डॉक्स अशा चार नोंदी होत्या. ट्रॅशमध्ये त्या चारही दिसल्या तरच पुढची कृती करायची.

घरच्या लॅपटॉपवर ड्राइव्हचे संगणकासाठीचे सॉफ्टवेअर बसवलेले असेल, तर संगणकाचा रिसायकल बिनही पाहावा. फाइल कोणी दुसऱ्याने आपल्याशी शेअर केलेली असेल, तर आपण ती पुसली तरी फक्त आपल्या यादीतून जाते. ती खऱ्या अर्थाने मालकालाच पुसता येते.

## टप्पा 6 : फोनवरील प्रती

फाइल्स अ‍ॅप उघडून डाउनलोडमधील झिप आणि उलगडलेला फोल्डर निवडावा व पुसावा. ‘फाइल्स बाय गूगल’ आणि सॅमसंगचे ‘माय फाइल्स’ ही दोन्ही अ‍ॅप पुसलेल्या फाइली स्वतःच्या ट्रॅशमध्ये 30 दिवस ठेवतात, म्हणून तेथे जाऊन त्या पुन्हा पुसाव्या लागतात. आयफोनवर एक्स्पोर्ट करताना ‘सेव्ह टू फाइल्स’ निवडले असेल, तर फाइल्स अ‍ॅपमध्ये ‘रिसेंटली डिलीटेड’ या ठिकाणीही अशीच 30 दिवसांची मुदत असते.

व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवलेल्या टेक्स्ट फाइलची प्रत वेगळीकडे असते. अँड्रॉइडच्या अलीकडच्या आवृत्त्यांत तिचा मार्ग असा आहे :

```
Android/media/com.whatsapp/WhatsApp/Media/WhatsApp Documents/Sent
```

संभाषणातून संदेश पुसताना फोनवरील फाइलही पुसावी का, असा चौकोन दिसला तर तो खूण केलेला ठेवावा. तरीही वरील फोल्डर एकदा स्वतः उघडून पाहावा. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस वापरणाऱ्यांना हा मार्ग थोडा वेगळ्या नावाने दिसेल.

या टप्प्यातील खरी गुंतागुंत उलगडलेल्या झिपमधील फोटोंची आहे. ते फोटो गॅलरीत दिसू लागतात आणि त्या फोल्डरचा बॅकअप गूगल फोटोजमध्ये चालू असेल, तर ते क्लाउडवरही चढतात. नंतर फाइल्स अ‍ॅपमधून फोल्डर पुसला, की फोनवरील फोटो जातात, परंतु गूगल फोटोजमधील बॅकअप राहतो. म्हणून गूगल फोटोज उघडून त्या तारखेजवळ पाहावे. आधार कार्डाचा तो फोटो तेथे दिसत असेल, तर तेथूनही पुसावा आणि त्याच्या ट्रॅशमधूनही काढावा, कारण बॅकअप झालेला फोटो तेथे 60 दिवस राहतो.

सावधान : गूगल फोटोजमधून पुसण्याआधी तोच फोटो तुम्हाला मूळ संभाषणात हवा आहे का, हे ठरवावे. एकच फोटो फोनच्या दोन फोल्डरांत असेल, तर अ‍ॅप तो एकदाच दाखवू शकते आणि तेथून पुसल्यावर व्हॉट्सअ‍ॅपच्या फोल्डरमधील मूळ फोटोही जाऊ शकतो. कंत्राटदाराने पाठवलेले बिलाचे फोटो अशा रीतीने गमावले, तर पुन्हा मागावे लागतील. ते आधी वेगळे जपून ठेवावेत.

फाइल मेमरी कार्डावर ठेवली असेल, तर एक मर्यादा ध्यानात घ्यावी. कार्डावरून पुसलेली फाइल त्या जागी नवीन माहिती लिहिली जाईपर्यंत रिकव्हरी सॉफ्टवेअरने परत मिळवता येते. असे कार्ड दुसऱ्याला देण्याआधी त्यातील हवे ते काढून घेऊन संगणकावर ते पूर्ण फॉरमॅट करावे. ‘क्विक फॉरमॅट’ पुरेसा नाही.

## टप्पा 7 : ईमेल, सर्वांत शेवटी

सर्व व्यक्तींकडून उत्तरे आली, यादीतील इतर ओळींवर काट मारून झाली, की मग जीमेलकडे वळावे. मेलमध्ये केवळ ड्राइव्हची लिंक असेल आणि ती आता निर्जीव झाली असेल, तर मेल पुसण्याची घाई नाही. ‘अमुक दिवशी अमुक व्यक्तीला फाइल दिली’ ही नोंद म्हणून ती ठेवलेली उलट उपयोगी पडते. थेट जोडलेली फाइल असलेली मेल आणि मसुदे मात्र काढलेच पाहिजेत.

जीमेल एकाच विषयावरील मेल एकत्र गुंफून दाखवते. फोनवरून तो संपूर्ण संवाद पुसला, तर लेखापरीक्षकांचे ‘काम झाले, फाइल पुसली’ हे उत्तरही त्यासोबत जाते. म्हणून संगणकावर जीमेल उघडावे, जोडपत्र असलेल्या त्या एकाच मेलवरील तीन टिंबांवर जाऊन फक्त तो संदेश पुसण्याचा पर्याय निवडावा. उत्तर देताना किंवा पुढे पाठवताना जोडपत्र पुन्हा जोडले गेले असेल, तर त्या संवादात अशा दोन-तीन मेल असू शकतात. प्रत्येकीवर कागदाच्या पिनेचे चिन्ह शोधावे. मग ट्रॅशमध्ये जाऊन त्या कायमच्या पुसाव्यात. तेथे त्या अन्यथा 30 दिवस राहतात.

कार्यालयाच्या किंवा संस्थेच्या मेल खात्यातून फाइल पाठवली असेल, तर तुमच्या बाजूने पुसल्यावरही संस्थेच्या जतनव्यवस्थेत मेल राहू शकते. त्यावर तुमचा अधिकार नसतो. तेथील संगणक विभागाला विचारावे.

## टप्पा 8 : बॅकअप आणि शेवटची तपासणी

व्हॉट्सअ‍ॅपवरून दुकानाला पाठवलेली फाइल तुमच्या चॅट बॅकअपमध्ये गेलेली असू शकते. नवा बॅकअप त्याच खात्यातील जुन्याची जागा घेतो, म्हणून संदेश पुसून झाल्यावर व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये चॅट्स, चॅट बॅकअप येथे जाऊन एकदा हाताने बॅकअप घ्यावा. ही कृती पुसण्याआधी केली, तर नेमकी उलट होते : नको असलेली फाइल ताज्या बॅकअपमध्ये बसते.

त्यानंतर दुसऱ्या टप्प्यातील शोध प्रत्येक खात्यात जसेच्या तसे पुन्हा करावेत. ड्राइव्हमधील नावाचा शोध, ट्रॅशचा फोल्डर, जीमेलच्या चारही ओळी, फाइल्स अ‍ॅपमधील शोध, आणि इन्कॉग्निटो खिडकीतील ती लिंक. जीमेलमध्ये जाणून ठेवलेल्या नोंदीच्या मेलखेरीज काही येता कामा नये. ड्राइव्हमध्ये नाव दिसत नसूनही लिंक उघडत असेल, तर ती तिसऱ्याच प्रतीची आहे. ती कोणत्या खात्यात आहे हे लिंक उघडल्यावर दिसणाऱ्या मालकाच्या नावावरून कळते.

कायमची पुसलेली फाइल आपल्या दृष्टीने त्याच क्षणी जाते, पण गूगलच्या स्वतःच्या धोरणानुसार त्यांच्या यंत्रणेतून माहिती पूर्ण काढण्यास साधारण 2 महिने लागतात आणि त्यांच्या बॅकअपमध्ये ती 6 महिन्यांपर्यंत राहू शकते. त्या काळात ती तुम्हाला किंवा लिंक असलेल्या कोणाला उघडता येत नाही, आणि तो काळ कमी करण्यासाठी तुमच्या हातात कोणतेही बटण नाही. कागदावरील यादीत आता केवळ लेखापरीक्षकांनी ठेवलेल्या पानांची ओळ उरलेली असेल. ती पाने कोणती, हे त्यांच्या उत्तरावरून लिहून घेऊन तो कागद अपार्टमेंटच्या दप्तरात लावून ठेवावा.